अडायबॅटिक प्रसरणाची उत्तरे तपासताना: चिन्हाची चूक आणि PV^γ ची चूक वेगळी कशी ओळखावी?

जांभाखडक (धागाकर्ता)

नमस्कार. मी रत्नागिरी जिल्ह्यातील एका अभियांत्रिकी महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला थर्मोडायनॅमिक्स शिकवतो. सध्या अंतर्गत परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासत असून एका प्रश्नापाशी अडलो आहे. गणित अवघड नाही, पण चुकीच्या उत्तरांचे प्रकार इतके वेगवेगळे आहेत की कोणती चूक कोणत्या खात्यात टाकावी हे ठरवताना जाणकारांचे मत घ्यावेसे वाटले.

प्रश्न असा होता. उष्णतारोधक सिलिंडरमध्ये १ मोल नायट्रोजन १० बार दाबाला आणि ३०० केल्विन तापमानाला आहे. पिस्टन खटक्याने अडवून धरलेला आहे, त्याचे वजन आणि घर्षण दुर्लक्षणीय मानावे. बाहेरचा दाब १ बार असून तो स्थिर राहतो. खटका काढल्यावर वायू प्रसरण पावतो आणि पिस्टन शेवटी स्थिर होतो. नायट्रोजन आदर्श वायू मानून अंतिम तापमान आणि कार्य काढा.

अपेक्षित मांडणी माझ्या दृष्टीने सरळ आहे. उष्णतेची देवाणघेवाण नाही, त्यामुळे वायूची आंतरिक ऊर्जा जेवढी घटेल तेवढेच कार्य त्याने बाहेरच्या १ बार दाबाविरुद्ध केलेले असेल.

```
Cv (T2 − T1) = − Pext (V2 − V1)
2.5 (T2 − 300) = − (T2 − 30)
T2 = 222.9 K,  Cv ΔT = −1603 J
```

उत्तरपत्रिकांमध्ये मात्र प्रामुख्याने तीन वेगळी तापमाने दिसत आहेत. बऱ्याच मुलांनी PV^γ स्थिर धरून १५५.४ केल्विन आणि ३००६ ज्यूल असे उत्तर काढले आहे. काहींचे उत्तर ४८० केल्विन आले आहे, तर काहींनी तापमान ३०० केल्विनच राहते असे लिहिले आहे. शिवाय ज्यांचे तापमान २२२.९ बरोबर आले, त्यांच्यातही कोणी कार्य +१६०३ लिहिले आहे आणि कोणी −१६०३.

शंभरेक उत्तरपत्रिकांतील प्रत्येक ओळ वाचून चूक शोधण्यापेक्षा, अंतिम आकड्यांवरून चुकीची जात ओळखता येईल अशी एखादी पडताळणी आहे का, हा माझा प्रश्न आहे.

कोळंबखाडी

सर, मी मालवणकडे कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. माझ्या मते चिन्हाच्या बाबतीत गोंधळाला जागाच ठेवू नये. ΔU = q + w आणि w = −Pext ΔV ही आययूपॅकने स्वीकारलेली पद्धत आहे आणि आमच्या बारावीच्या रसायनशास्त्राच्या पुस्तकातही तीच आहे. म्हणून −१६०३ लिहिणाऱ्यांना पूर्ण गुण द्यावेत आणि +१६०३ लिहिणाऱ्यांचा अर्धा गुण कापावा.

१५५.४ बद्दल मात्र मी मुलांच्या बाजूने आहे. वायू आदर्श आहे, प्रक्रिया अडायबॅटिक आहे, मग PV^γ वापरणे चूक कसे? प्रश्नात "इर्रिव्हर्सिबल" हा शब्द कुठेच दिसत नाही.

पडताळणीसाठी एन्ट्रॉपी काढून पाहावी असे मला वाटते. सुरुवातीचा आणि शेवटचा दाब व तापमान माहीत असले की ΔS एका ओळीत निघतो. उष्णतारोधक सिलिंडरमध्ये तो ऋण येऊच शकत नाही, त्यामुळे ज्या उत्तराचा ΔS ऋण नाही ते उत्तर बरोबर मानता येईल.

जांभाखडक

मॅडम, चिन्हाबद्दल थोडी अडचण आहे. त्याच बारावीच्या भौतिकशास्त्राच्या पुस्तकात Q = ΔU + W असे आहे आणि आमच्या अभियांत्रिकीच्या वर्गातही वायूने केलेले कार्य धन धरतात. म्हणजे विद्यार्थी एकाच वर्षी दोन तासांना दोन पद्धती शिकून आमच्याकडे येतो. प्रश्नात मी फक्त "कार्य काढा" एवढेच लिहिले होते, कोणी केलेले कार्य ते लिहिलेले नव्हते. अशा वेळी चिन्हावरून गुण कापणे मला न्याय्य वाटत नाही.

सुरुबन

मी अनेक वर्षे हा विषय शिकवून आता दापोली तालुक्यात निवृत्त आयुष्य घालवतो आहे. प्रश्न चांगला आहे. यातल्या दोन चुका वरवर सारख्या वाटल्या तरी त्या दोन वेगळ्या चाचण्यांत पकडल्या जातात, आणि एकीची चाचणी दुसरीला सोडून देते, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

पहिली चाचणी दिशेची. आकडे बाजूला ठेवून एवढेच विचारायचे की वायूने पिस्टन बाहेर ढकलला, म्हणजे ऊर्जा दिली, आणि बाहेरून उष्णता आली नाही, मग तापमान वर जाईल की खाली? ते खालीच गेले पाहिजे. ४८० केल्विन इथेच बाद होते. हे उत्तर कसे आले असेल तेही उघड आहे. विद्यार्थ्याने रसायनशास्त्राचे ΔU = Q + W घेतले आणि त्यात अभियांत्रिकीचे W = +Pext ΔV भरले. दोन्ही पद्धती आपापल्या जागी बरोबर आहेत, पण अर्धी ओळ हिची आणि अर्धी तिची घेतल्यामुळे वायू प्रसरण पावता पावता तापला.

```
2.5 (T2 − 300) = + (T2 − 30)
T2 = 480 K
```

दुसरी चाचणी कार्य दोन स्वतंत्र वाटांनी काढण्याची. एकदा Cv ΔT वरून आणि एकदा आकारमानावरून. अंतिम तापमान कोणतेही आले असले तरी शेवटचा दाब १ बार आहे, म्हणून शेवटचे आकारमान लगेच मिळते. सुरुवातीचे आकारमान २.४९ लिटर आहे. २२२.९ केल्विनला शेवटचे आकारमान १८.५३ लिटर येते, फरक १६.०३ लिटर, आणि १ बार दाबाविरुद्ध १६.०३ लिटर म्हणजे १६०३ ज्यूल. Cv ΔT वरूनही तेवढेच येतात.

आता १५५.४ केल्विनचे उत्तर याच कसोटीला लावा. शेवटचे आकारमान १२.९२ लिटर येते, म्हणजे बाहेरच्या दाबाविरुद्ध झालेले कार्य जेमतेम १०४२ ज्यूल. आंतरिक ऊर्जा मात्र ३००६ ज्यूल घटलेली दिसते. सुमारे १९६४ ज्यूल कुठे गेले? बाहेर उष्णता म्हणून गेले नाहीत, कारण भिंत रोधक आहे. पिस्टनच्या गतीतही उरले नाहीत, कारण पिस्टन थांबला आहे. त्यांचा हिशेब लागत नाही, म्हणून उत्तर चूक.

इथे एक बाब लक्षात घ्यावी. ४८० चे उत्तर या दुसऱ्या चाचणीत सहज पास होते. आकारमान ३९.९ लिटर येते, कार्य ३७४१ ज्यूल येते आणि Cv ΔT सुद्धा ३७४१ येतो. आकडे तंतोतंत जुळतात, फक्त वायूने तेवढी ऊर्जा दिली आणि वर त्याच्याजवळ तेवढीच वाढली असा तो हिशेब आहे. उलट १५५.४ चे उत्तर दिशेच्या चाचणीत पास होते, कारण तापमान उतरलेले आहे. म्हणून दोन्ही चाचण्या लागतात.

कोळंबखाडी मॅडम, एन्ट्रॉपीची सूचना चांगली आहे, पण ती ज्या अर्थी आपण मांडली त्या अर्थी इथे कामाला येणार नाही. १५५.४ ला ΔS बरोबर शून्य येतो, कारण ते उत्तरच ΔS शून्य धरून काढलेले आहे. ४८० ला तो सुमारे +३२.८ ज्यूल प्रति केल्विन येतो. आपल्या नियमाने दोन्ही चुकीची उत्तरे बरोबर ठरतील. खऱ्या उत्तराचा ΔS सुमारे +१०.५ आहे. एन्ट्रॉपी एवढेच सांगते की शेवटचा दाब १ बार असेल तर तापमान १५५.४ च्या खाली जाऊ शकत नाही. ती खालची मर्यादा आहे, आणि उत्तर मर्यादेच्या आत असणे म्हणजे बरोबर असणे नव्हे.

कोळंबखाडी

एन्ट्रॉपीबद्दल पटले. ४८० ला ती धन येईल याकडे माझे लक्ष गेले नव्हते. पण PV^γ बद्दल अजून शंका आहे. PV = nRT आपण सुरुवातीलाही वापरतो आणि शेवटीही वापरतो. मग मधल्या अवस्थांना ते लागू नाही असे कसे म्हणता येईल? वायू तर तोच आहे आणि आदर्शही आहे.

सुरुबन

मॅडम, नेमके वर्म आपण धरले आहे.

वायू आदर्श असणे ही एक अट झाली, आणि त्या क्षणी संपूर्ण वायूला एकच दाब व एकच तापमान असणे ही दुसरी. सुरुवातीला खटका लावलेला असताना वायू शांत आहे, म्हणून समीकरण लागू होते. शेवटी पिस्टन थांबून सगळे स्थिरावल्यावर पुन्हा लागू होते. मधल्या काळात आत १० बार आणि बाहेर १ बार असताना पिस्टन झपाट्याने सुटतो, पिस्टनलगतचा वायू विरळ होतो, मागचा अजून दाट असतो आणि सिलिंडरभर हेलकावे चालू असतात. त्या क्षणी "वायूचा दाब" म्हणून एक आकडा सांगताच येत नाही. PV^γ काढताना आपण dU = −P dV लिहून P च्या जागी nRT/V भरतो, आणि ही भरणी प्रत्येक मधल्या क्षणाला खरी असावी लागते. ती खरी राहण्यासाठी बाहेरचा दाब आतल्या दाबाच्या अगदी बरोबरीने हळूहळू उतरवत न्यावा लागेल. प्रश्नात बाहेरचा दाब स्थिर १ बार दिला आहे. "इर्रिव्हर्सिबल" हा शब्द नसला तरी तेच त्यात सांगितलेले आहे.

पण मुलांच्या बाजूने एक गोष्ट मान्य केली पाहिजे. PV^γ चे सूत्र पाठ करताना त्याच्या शेजारी "रिव्हर्सिबल" ही अट बहुतेक वेळा लिहिलेलीच नसते. "अडायबॅटिक म्हणजे PV^γ" एवढेच डोक्यात बसते. ज्यांनी १५५.४ काढले त्यांचे गणित स्वच्छ आहे, त्यांनी सूत्राची अट तपासली नाही. म्हणून शून्य गुण देणे मला कठोर वाटेल.

बर्फकारखाना_रत्नागिरी

नमस्कार. मी कॉलेजातला नाही. मासळीच्या बर्फाचा कारखाना चालवतो, अमोनियाचा प्लांट आहे. धाग्यात "प्रसरण" वाचले आणि आमच्या एक्सपान्शन व्हॉल्व्हबद्दल चालले आहे असे वाटले म्हणून वाचत गेलो.

आमच्याकडे दर वर्षी डिप्लोमाची मुले प्रकल्पासाठी येतात. मासेमारी बंदीच्या काळात, म्हणजे जून आणि जुलैमध्ये, प्लांटची देखभाल चालते तेव्हा त्यांना उघडलेला कंप्रेसरही पाहता येतो. मागे आलेल्या एका गटाच्या अहवालात व्हॉल्व्हच्या पुढचे तापमान उणे ७० अंश लिहिले होते. आमच्या सक्शनच्या गेजवर दाबाच्या आकड्यांशेजारी तापमानाची पट्टीही छापलेली असते आणि काटा उणे १५ च्या आसपास असतो. उणे ७० ला काटा तर निर्वातात गेला पाहिजे. मी मुलांना तसे सांगितले, पण त्यांचे म्हणणे की सूत्रातून तेवढेच येते. ते सूत्र हेच का?

दुसरे असे की कंप्रेसरचे कार्य त्यांनी ऋण लिहिले होते. आमच्या विजेच्या मीटरवर किलोवॅट कधी ऋण दिसत नाहीत. त्यात काय बरोबर?

सुरुबन

आपला प्रश्न मूळ प्रश्नापेक्षा वेगळा आहे, पण चूक त्याच घराण्यातली आहे, म्हणून उत्तर देतो.

कंडेन्सरमध्ये ४० अंश सेल्सिअस, म्हणजे सुमारे १५.५ बार, आणि बाष्पीभवनाला उणे १५ अंश, म्हणजे सुमारे २.३६ बार, असे धरले तर त्या मुलांनी बहुधा हे केले असावे.

```
T2 = 313 × (2.36 / 15.5)^(0.3/1.3) ≈ 203 K ≈ −70 °C
```

आकडा आपल्या आठवणीशी जुळतो, त्यामुळे सूत्र तेच असणार. यात चुका दोन आहेत. व्हॉल्व्हमध्ये शिरणारा अमोनिया वायू नसून द्रव असतो, त्याला आदर्श वायूचे कोणतेही सूत्र लागत नाही. आणि व्हॉल्व्ह म्हणजे पिस्टन नव्हे, तिथे अमोनिया कोणत्याही दांड्याला ढकलून काम करून देत नाही. न उष्णता, न काम, म्हणून व्हॉल्व्हच्या आधीची आणि नंतरची एन्थाल्पी सारखी राहते. दाब उतरल्यावर द्रवाचा जवळपास पाचवा हिस्सा तिथल्या तिथे वाफ होतो, त्या वाफेसाठी लागणारी ऊर्जा उरलेल्या द्रवातून निघते, आणि तापमान २.३६ बारला अमोनिया ज्या तापमानाला उकळतो तिथे, म्हणजे उणे १५ ला, येऊन थांबते. आपला काटा बरोबर आहे.

खरा आदर्श वायू अशा व्हॉल्व्हमधून सोडला तर त्याचे तापमान मुळीच उतरणार नाही. म्हणजे अमोनियाला आदर्श वायू मानून उत्तर काढायचेच ठरवले असते, तरी ते ४० अंशच यायला हवे होते, उणे ७० नव्हे. उणे ७० हे कोणत्याच गृहीतकाचे उत्तर नाही.

कंप्रेसरच्या चिन्हाबद्दल: "वायूने केलेले कार्य" धन धरले तर कंप्रेसरचे कार्य ऋणच येते, कारण तिथे वायूवर काम होते. प्लांटवर "कंप्रेसरला दिलेली शक्ती" लिहितात, ती धन. आकडा तोच, फक्त कोणी कोणाला दिले ते शब्दांत लिहिलेले असावे. त्या अहवालात तसे लिहिले असेल तर ऋण चिन्हात चूक नाही.

बर्फकारखाना_रत्नागिरी

समजले, धन्यवाद. सक्शनच्या बाजूला तरी PV = mRT चालते का? तिथे तर वाफच असते. मुलांनी कंप्रेसरचे आकारमान त्यावरूनच काढले होते.

सुरुबन

तिथे अंदाजापुरते चालते. उणे १५ अंशाच्या संपृक्त वाफेचे आकारमान तक्त्यात किलोमागे सुमारे ०.५१ घनमीटर असते आणि सूत्राने सुमारे ०.५३ येते. म्हणजे पाच टक्क्यांच्या आसपास जास्त. कंडेन्सरच्या दाबाला मात्र, ४० अंशाच्या संपृक्त वाफेसाठी, तक्ता ०.०८३ म्हणतो आणि सूत्र ०.०९८, तो फरक अठरा टक्क्यांवर जातो. कंप्रेसरमधून बाहेर पडणारी वाफ शंभर अंशांच्या बरीच वर तापलेली असते, त्यामुळे तिथे फरक पुन्हा कमी होतो. वाफ द्रव होण्याच्या जितकी जवळ आणि दाब जितका जास्त, तितके हे सूत्र दगा देते. अमोनियाचे तक्ते सहज मिळत असताना सूत्र वापरण्याचे कारण मला दिसत नाही.

मूळ प्रश्नातील नायट्रोजनला ही अडचण नाही. १० बार आणि ३०० केल्विनला तो जवळजवळ पूर्ण आदर्श वागतो. तिथली चूक वायू आदर्श मानण्यात नसून प्रक्रिया रिव्हर्सिबल मानण्यात आहे. उत्तरपत्रिकेवर शेरा लिहिताना हा फरक जांभाखडक यांनी जरूर नोंदवावा, नाहीतर विद्यार्थी "आदर्श वायूचे सूत्र वापरायचे नसते" असा भलताच धडा घेईल आणि पुढच्या वेळी शेवटच्या अवस्थेलाही PV = nRT वापरायला बिचकेल.

देवरुख_दुसरे_वर्ष

सर, मी विद्यार्थी आहे, आपल्या महाविद्यालयातला नाही, पण आम्हालाही असाच प्रश्न होता आणि माझे उत्तर ३०० केल्विन आले होते. मला अजूनही माझी चूक दिसत नाही, म्हणून लिहितो.

मी असा विचार केला. बाहेरचा दाब स्थिर आहे. स्थिर दाबाला उष्णता म्हणजेच एन्थाल्पीतील बदल, ΔH = q. भिंत रोधक आहे, म्हणून q शून्य, म्हणून ΔH शून्य. आदर्श वायूसाठी ΔH = Cp ΔT, म्हणून तापमान बदलत नाही. शिवाय Cv ΔT हे स्थिर आकारमानासाठी असते आणि इथे आकारमान बदलते आहे, मग ते वापरणे कसे चालेल?

जांभाखडक

आपण हे लिहिलेत ते फार बरे झाले. माझ्या ३०० केल्विनवाल्या उत्तरपत्रिका मी पुन्हा उघडून पाहिल्या. मला वाटले होते की त्या सगळ्यांनी अडायबॅटिक आणि समतापी यांत गल्लत केली आहे. काहींनी ती केली आहे, कारण त्यांनी थेट RT ln(P1/P2) वापरून ५७४३ ज्यूल काढले आहेत. पण निदान काहींनी आपल्यासारखीच ΔH ची वाट धरलेली आहे. अंतिम तापमान तेच असले तरी ही वेगळी चूक आहे आणि ती आकड्यावरून कळली नाही. म्हणजे सुरुवातीला मी अपेक्षा केली होती तशी केवळ आकड्यांवरून पुरती वर्गवारी होणार नाही असे दिसते.

सुरुबन

देवरुखचे विद्यार्थी मित्र, आपली पहिली तीन वाक्ये क्रमाने तपासू.

H = U + PV, त्यामुळे ΔH मध्ये ΔU बरोबर PV मधला बदलही येतो, आणि त्यातला P वायूचा आहे, बाहेरचा नव्हे. सुरुवातीला वायूचा दाब १० बार, म्हणून PV म्हणजे २४९४ ज्यूल. शेवटी १ बार आणि २२२.९ केल्विन, म्हणून PV १८५३ ज्यूल. ΔU −१६०३ आणि PV मधला बदल −६४१, मिळून ΔH −२२४५ ज्यूल येतो. तो शून्य नाही.

ΔH = q हे कधी खरे? बाहेरचा दाब स्थिर असावा आणि शिवाय सुरुवातीला व शेवटी वायूचा स्वतःचा दाबही तेवढाच असावा. उघड्या भांड्यात ढवळलेल्या द्रावणाला हे लागू होते, कारण ते आधीही वातावरणाच्या दाबाला असते आणि नंतरही. आपला वायू १० बारवर सुरू झाला. शेवटची बाजू जुळते, सुरुवातीची जुळत नाही.

३०० केल्विन दुसऱ्या चाचणीतही लगेच अडकते. त्या तापमानाला शेवटचे आकारमान २४.९४ लिटर, म्हणजे वायूने २२४५ ज्यूल काम केले, आणि तरी त्याची आंतरिक ऊर्जा ज्यूलभरही घटली नाही. ३०० हे उत्तर बाहेर निर्वात असता तर खरे ठरले असते, कारण मग ढकलायला काहीच नव्हते.

Cv बद्दलची शंका अगदी रास्त आहे आणि ती अनेकांना असते. स्थिर आकारमानाची अट उष्णतेच्या सूत्राला आहे, q = Cv ΔT याला. आदर्श वायूची आंतरिक ऊर्जा फक्त तापमानावर अवलंबून असते, म्हणून ΔU = Cv ΔT हे आकारमान बदलो, दाब बदलो, कोणत्याही प्रक्रियेला चालते. Cv हे अक्षर तिथे केवळ एका संख्येचे नाव म्हणून आलेले आहे.

देवरुख_दुसरे_वर्ष

सर, PV मधला P वायूचा आहे हे कळल्यावर लगेच उलगडले. एकच विचारतो. तुम्ही म्हणता की १५५.४ ही खालची मर्यादा आहे. मग पिस्टन सोडताना बाहेरचा दाब १० वरून आधी ५ वर आणि मग १ वर आणला, तर उत्तर मधले कुठेतरी येईल का?

सुरुबन

येईल. आपणच काढून पाहा. पहिल्या टप्प्यात ३०० वरून २५७.१ केल्विनला येतो, दुसऱ्या टप्प्यात तिथून सुमारे १९८.४ ला. एका झटक्यात २२२.९, दोन टप्प्यांत १९८.४, आणि टप्पे वाढवत गेलो की उत्तर १५५.४ कडे सरकत जाते. PV^γ चे स्थान या मालिकेच्या टोकाला आहे.

कोळंबखाडी

हे दोन टप्प्यांचे उदाहरण मी माझ्या वर्गात देणार आहे, अकरावी-बारावीच्या मुलांनाही ते झेपेल. चिन्हाच्या बाबतीत मी माझे म्हणणे थोडे बदलते. +१६०३ लिहिणाऱ्याने "वायूने केलेले कार्य" असे शब्दांत लिहिले असेल तर गुण कापू नयेत. पण नुसते "W = 1603 J" लिहून त्याच पानावर वर ΔU = q + w मांडले असेल, तर ती माझ्या मते चूकच आहे, कारण त्याच्या स्वतःच्या समीकरणाप्रमाणे वायू तापायला हवा आणि त्याने तो थंड दाखवला आहे.

जांभाखडक

हे मला मान्य आहे. पद्धत कोणतीही चालेल, पण पानाच्या वरच्या ओळीत जी घेतली तीच खालपर्यंत टिकली पाहिजे. त्याप्रमाणे चिन्हाचे गुण मी आता देऊ लागलो आहे.

१५५.४ बद्दल मी पाचपैकी दोन गुण द्यायचे ठरवत होतो, एक आंतरिक ऊर्जा आणि कार्य यांचा संबंध योग्य मांडल्याबद्दल आणि एक आकडेमोडीबद्दल. ४८० बद्दल मात्र निर्णय होत नाही. समीकरणाचा आराखडा बरोबर, बाहेरचा दाब बरोबर वापरलेला, दोन्ही अवस्थांना PV = nRT योग्य लावलेले, फक्त एक चिन्ह उलटे. गुणदानाच्या रूढ पद्धतीने पाहिले तर त्याला १५५.४ वाल्यापेक्षा जास्त गुण मिळतील. पण इन्सुलेटेड सिलिंडरमधला वायू पिस्टन ढकलता ढकलता १८० अंशांनी तापला, हे लिहून विद्यार्थी पुढच्या प्रश्नाकडे गेला, याचे मला जास्त वाईट वाटते.

सुरुबन

मी त्याला तीन दिले असते. कागदावर एकच चूक आहे आणि तिची शिक्षा एकदाच व्हावी.

कोळंबखाडी

मी दीडच्या वर गेले नसते. उत्तराकडे एकदाही न पाहणे ही दुसरी चूक आहे आणि तिचेही गुण जायला हवेत.

बर्फकारखाना_रत्नागिरी

गुणांचे मला कळत नाही. पण त्या मुलांचा अहवाल अजून ऑफिसात आहे. यंदाच्या बंदीत नवीन मुले आली की त्यांना आधी सक्शनच्या गेजसमोर उभे करून काटा वाचायला लावीन आणि तो आकडा लिहून घेतल्यावरच कागद-पेन्सिल हातात देईन. कंप्रेसरची शक्तीही "कंप्रेसरला दिलेली" असे शब्दांत लिहायला सांगतो. अमोनियाचे तक्ते छापून ठेवायचे असतील तर आमच्या प्लांटला किती तापमानापर्यंतचे घ्यावेत?

सुरुबन

संपृक्त वाफेचा तक्ता उणे ४० पासून अधिक ५० अंशांपर्यंतचा घ्या. डिस्चार्जसाठी अतितप्त वाफेचा तक्ता वेगळा लागेल, तो १५० अंशांपर्यंत असलेला पाहा. दोन्ही तक्ते एकाच पुस्तकातले घ्या, कारण एन्थाल्पीचा शून्य बिंदू वेगवेगळ्या तक्त्यांत वेगवेगळ्या तापमानाला धरलेला असतो आणि एकातून एक आकडा व दुसऱ्यातून दुसरा घेतला की वजाबाकी चुकते.